मराठी डायलॉगचं लिप सिंक: अनुस्वार दिसला म्हणून तोंड मिटू नका

ऍनिमेशनमध्ये लिप सिंक, म्हणजे कॅरेक्टरचं तोंड आवाजाशी जुळवणं, शिकायला घेतलं की पहिल्यांदा हाती लागतो तो एक चार्ट. आठ-दहा तोंडं काढलेली असतात आणि प्रत्येकाखाली इंग्रजी अक्षरं. चार्ट चुकीचा नसतो, तोंडं तीच लागतात, कारण ओठ सगळ्यांचे सारखेच. गडबड होते ती मराठी डायलॉग समोर ठेवून एकेका अक्षराला एकेक तोंड लावत गेलं की. मी हेच केलं होतं. पहिलाच मोठा सीन, एक आजी गोष्ट सांगतेय, आणि मी "झालं", "गेलं", "म्हटलं" मधल्या प्रत्येक अनुस्वाराला म चं मिटलेलं तोंड ठोकलं. प्ले केल्यावर आजी गोष्ट कमी सांगत होती आणि काहीतरी चघळत जास्त होती. अख्खी रात्र गेली तो सीन परत करण्यात, पण त्या रात्री एक गोष्ट कळली ती अशी की आपण लिहिलेलं सिंक करत नाही, ऐकू आलेलं सिंक करतो. मराठीत या दोन्हींत बरंच अंतर आहे.

खालचं सगळं 2डी कॅरेक्टर आणि 24 फ्रेम्स पर सेकंद धरून लिहिलंय. 3डी मध्ये तोंडांच्या जागी ब्लेंड शेप्स येतील, पण ऐकायचं काम तेच.

आधी नऊ तोंडं काढा

नावं मी माझ्या सोयीने ठेवलीयेत, तुम्ही तुमची ठेवा, फक्त फाइलमध्ये नंबर देण्यापेक्षा नावं द्या म्हणजे रात्री दोन वाजता डोकं फिरणार नाही.

आराम: ओठ सैल मिटलेले, कॅरेक्टर गप्प आहे.
बंद: ओठ दाबून मिटलेले. प, ब, भ, म.
दात: दात जवळजवळ टेकलेले, ओठ थोडे उघडे आणि जरासे ताणलेले. स, त, द, न, र, च, ज आणि इ-ई.
अर्धं: जबडा थोडा खाली, ओठ सैल. अ आणि ए. (ए ला कोपरे जरा जास्त ताणा.)
मोठं: जबडा पूर्ण खाली. आ.
गोल: उघडं पण गोलसर. ओ, ऑ.
चंबू: ओठ पुढे काढून बारीक भोक. उ, ऊ.
दात-ओठ: वरचे दात खालच्या ओठाजवळ. व.
जीभ: तोंड अर्धं उघडं, जिभेचं टोक वरच्या दातांमागे दिसतंय. ल.

आराम आणि बंद ही दोन वेगळी काढा बरं का. बरेच जण एकच ड्रॉइंग वापरतात आणि मग गप्प असलेलं कॅरेक्टर "मला" म्हणायला सुरुवात करतं तेव्हा म दिसतच नाही, कारण तोंड आधीपासून तसंच मिटलेलं होतं. बंद मध्ये ओठांची रेघ थोडी आत ओढलेली आणि किंचित जाड दाखवली की तेवढ्याने काम होतं. दुसरं म्हणजे मोठं तोंड काढताना हनुवटीसुद्धा खाली जाऊ द्या, नाहीतर स्थिर चेहऱ्यावर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं.

आता या यादीत क, ग, ह कुठे गेले? त्यांना स्वतःचं तोंड नाही. आरशासमोर उभं राहून "कु" म्हणा, आवाज निघायच्या आधीच ओठांचा चंबू झालेला असतो. मग "की" म्हणा, ओठ ताणलेले. क घशाशी तयार होतो, ओठ मोकळेच असतात, म्हणून ते पुढच्या स्वराची तयारी करून बसतात. ट, ठ, ड, ढ, ण चं पण थोडंफार तसंच, जीभ आत वळते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मॅपिंगचा क्रम असा ठेवा: आधी ओठ मिटणारी व्यंजनं पकडा, मग स्वर लावा, मग व, ल आणि स-च सारखी दात दिसणारी, आणि बाकीच्यांना शेजाऱ्याचं तोंड वापरू द्या. ओठ मिटणारी पहिली का, तर "बाबा" म्हणताना तोंड उघडंच राहिलं तर लहान पोरालाही खटकतं, पण "काका" मधला क चुकला तर कोणालाही कळत नाही.

डायलॉग ऐका आणि ऐकलेला लिहून काढा

स्क्रिप्ट बाजूला ठेवा. रेकॉर्डिंग निम्म्या स्पीडने ऐका आणि जे कानावर पडतं ते लिहा. स्क्रिप्टमध्ये "कुठे आहे" असेल आणि व्हॉइस आर्टिस्टने "कुठाय" म्हटलं असेल तर तुमच्यासाठी डायलॉग "कुठाय" आहे, विषय संपला. तसंच "पुस्तक" मधल्या शेवटच्या क ला आपण अ लावत नाही, "पुस्तक्" म्हणून थांबतो, त्यामुळे तिथे अर्धं तोंड परत उघडायची गरज नाही. "करतो" मध्ये र नंतरचा अ पण उच्चारात नसतोच. लिहिताना हे अ दिसतात म्हणून नवीन माणूस प्रत्येक अक्षरावर जबडा उघडतो आणि कॅरेक्टर माशासारखं फडफडत राहतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो अनुस्वार. टिंब एकच, पण तोंडं वेगवेगळी, आणि ते ठरतं पुढच्या अक्षरावरून.

पुढे प, फ, ब, भ, म असेल तर तो खराखुरा म आहे, तोंड बंद. थांब, आंबा, कंप, गंभीर. आणि इथे म आणि ब मिळून ओठ एकदाच मिटतात, फक्त जरा जास्त वेळ, म्हणून दोनदा उघडझाप करू नका.

पुढे क पासून न पर्यंतचं कुठलंही व्यंजन असेल, म्हणजे रंग, उंच, अंडं, संत, तर आवाज नाकातून येतो पण ओठ उघडेच असतात. तिथे आधीच्या स्वराचं तोंड थोडं लहान करा आणि दात या तोंडावर जा, बस्स.

पुढे व, स, श, ह वगैरे असेल तर प्रकार जरा मजेशीर आहे. "संवाद", "हंस", "संशय" म्हणून बघा, अनुस्वाराच्या जागी एक नाकातला व सारखा आवाज येतो, ओठ एकमेकांच्या जवळ येतात आणि किंचित गोल होतात पण टेकत नाहीत. अर्धं आणि चंबू यांच्या मधलं एखादं तोंड असेल तर मस्त, नसेल तर गोल चं छोटं व्हर्जन वापरा.

आणि शब्दाच्या शेवटी, माझं, केलं, कसं, कुठं, आणि पुढे स जोडलेलं ठेवलंस सुद्धा, इथे तर नाकातसुद्धा काही उरलेलं नसतं. तो नुसता लांबवलेला अ आहे. अर्धं तोंड, ते सुद्धा उघडंच ठेवून पुढच्या शब्दात जायचं. माझी आजी चघळत होती ती याच टिंबांमुळे.

बाकीच्या थोड्या गोष्टी पटकन सांगतो. ळ ला जीभ हे तोंड वापरू नका, ळ ची जीभ मागे वळते आणि समोरून दिसत नाही. "बाळ" मध्ये मोठं तोंड हळूहळू लहान करत न्या. कृष्ण, वृत्त मधला ऋ आपण रु म्हणतो, म्हणून चंबू येतो. हिंदी आर्टिस्टचा रेफरन्स व्हिडिओ समोर ठेवून मराठी सीन केलात तर इथे नक्की फसाल, कारण तिकडे रि म्हणतात आणि ओठ ताणले जातात. ऐ आणि औ ही एकेक अक्षरं असली तरी तोंडं दोन-दोन: ऐ म्हणजे अर्धं मग दात, औ म्हणजे अर्धं मग चंबू.

च, ज, झ चे दोन उच्चार आपल्याला माहीत आहेत, फक्त लिहिताना फरक दिसत नाही. "माझा" आणि "माझी" म्हणून बघा. माझा मधला झ दातांवर घासतो, ओठ सरळ असतात, म्हणजे साधं दात तोंड. माझी मधल्या झ ला ओठ जरासे पुढे येतात. "चाक" आणि "चार" चं पण तेच. छोट्या कॅरेक्टरमध्ये हा फरक दाखवायची गरज नाही, पण क्लोज-अप असेल तर दात चं एक ओठ-पुढे व्हर्जन काढून ठेवा.

फ साठी मात्र नियम नाही, कानावरच जावं लागतं. "फळ" ला काही जण ओठ मिटून फुंकर सोडतात, काही जण दात ओठाला लावून म्हणतात, आणि "ऑफिस", "फोन" मध्ये तर जवळजवळ सगळेच दात लावतात. आर्टिस्टने जे केलंय ते लावा. आणि व ला ओठ चावल्यासारखा दाखवू नका, आपला व हलका असतो, दात ओठाजवळ येतात आणि निघून जातात.

एक वाक्य घेऊन पूर्ण करूया

वाक्य: "थांब, माझं पुस्तक कुठे ठेवलंस?" मुलगी भावावर जरा चिडलेली आहे, थांब नंतर छोटा पॉज. ऑडिओ टाइमलाइनवर टाका, हळूहळू स्क्रब करा, म्हणजे पुढेमागे सरकवत ऐका, आणि आधी फक्त ओठ मिटायच्या जागांवर मार्कर लावा: थांब चा म्ब, माझं चा म, पुस्तक चा प. तीनच आहेत. हे तीन बरोबर बसले की अर्धं काम झालं. मग स्वर भरा. माझ्याकडे असं आलं:

1–4 आराम
5–6 दात (थ)
7–10 मोठं (आ)
11–14 बंद (म्ब)
15–16 अर्धं, अगदी छोटं (ब सुटतो)
17–22 आराम (पॉज)
23–24 बंद (म)
25–28 मोठं (आ)
29–30 दात (झ)
31–33 अर्धं (अं, उघडंच)
34–35 बंद (प)
36–37 चंबू (उ)
38–40 दात (स्त)
41–42 अर्धं (अ, क त्यातच)
43–46 चंबू (कु)
47–53 अर्धं, कोपरे ताणून (ए, ठ, ए)
54–55 दात-ओठ (व)
56–57 जीभ (ल)
58–60 अर्धं (अं)
61–64 दात (स)
65 पासून आराम

यात दोन-तीन जागा नीट बघा. 43 ला क साठी वेगळं काही नाही, सरळ चंबू, कारण वर आरशात बघितलं तेच. 47 ते 53 मध्ये "कुठे" चा ए आणि "ठेवलंस" चा ए एकमेकांना चिकटलेत, मध्ये फक्त ठ आहे आणि त्याची जीभ दिसत नाही. नवीन माणूस इथे दात तोंड घुसवतो आणि जबडा उगाच खालीवर होतो. मी एकच तोंड ठेवलंय आणि 50 व्या फ्रेमला ते जरासं लहान केलंय, तेवढ्याने दोन शब्द वेगळे कळतात.

तिसरी जागा म्हणजे पॉज. समजा दुसऱ्या टेकमध्ये आर्टिस्टने पॉज घेतलाच नाही आणि "थांबमाझं" असं एका दमात म्हटलं. तेव्हा ब सुटत नाही, त्याच मिटलेल्या ओठांतून म सुरू होतो. मग 15 ते 22 सगळं उडवायचं, बंद तोंड एकदाच सलग पाच-सहा फ्रेम्स धरायचं आणि तिथून सरळ आ वर जायचं. वाक्य तेच, स्पेलिंग तेच, पण तोंडाचा हिशोब वेगळा.

बंद तोंडाला कमीत कमी दोन फ्रेम्स द्याच. एका फ्रेमचा म 24 मध्ये डोळ्याला लागत नाही, नुसता झटका वाटतो. फास्ट बोलण्यात जागा नसेल तर शेजारच्या स्वराची एक फ्रेम चोरा. आणि बॉडी ऍनिमेशन टूज वर असलं, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम्स टिकत असलं, तरी तोंड गरज पडेल तिथे एकेका फ्रेमवर बदलायला हरकत नाही, वरचा अं तीन फ्रेम्सचा आहे तो त्यामुळेच.

आता पाळी सरकवायची

सगळं बरोबर लावूनही प्ले केल्यावर थोडं डब केल्यासारखं वाटतं. कारण सोपं आहे, माणसाचे ओठ आवाजाच्या आधी जागेवर पोचतात आणि आपण तोंड आवाजाच्या फ्रेमवरच लावलंय. सगळी तोंडाची लेयर सिलेक्ट करून एक फ्रेम आधी ओढा. तरी सुस्त वाटलं तर दोन. त्याहून जास्त ओढायची इच्छा झाली तर थांबा, मार्करच चुकलेत. ऑडिओ हलवू नका, तोंडं हलवा, नाहीतर उद्या हातवारे आणि डोळे पण त्या ऑडिओवर बसवताना घोळ होईल.

मग गाळणी. वाक्य दोन-तीनदा नॉर्मल स्पीडला बघा आणि जिथे तोंड वळवळतं तिथलं एखादं तोंड काढून टाका. माझ्या वरच्या चार्टमध्ये 41-42 चा अर्धं मी शेवटी काढून टाकला, स्त वरून सरळ चंबू वर गेलं तर जास्त स्मूथ दिसलं. काढताना ओठ मिटणाऱ्यांना हात लावायचा नाही, आणि वाक्यातला ज्या शब्दावर जोर आहे त्याचा स्वर लहान करायचा नाही. आमच्या मुलीचा जोर "कुठे" वर आहे, म्हणून तिथला चंबू नेहमीपेक्षा मोठा काढला आणि चार फ्रेम्स ठेवला. चिडलेलं, हसरं आणि रडवेलं तोंड वेगळं लागतं, पण सगळे नऊच्या नऊ परत काढू नका. मोठं, अर्धं आणि दात यांचं एकेक व्हर्जन पुरतं, चंबू आणि बंद मध्ये मूड फारसा दिसत नाही.

ऑटोमॅटिक टूल वापरायचं असेल तर

रुबार्ब लिप सिंक नावाचं फुकट टूल आहे, ऑडिओ दिला की कुठल्या वेळेला कुठलं तोंड याची यादी काढून देतं. त्याचा नेहमीचा रेकग्नायझर इंग्रजी शब्द ओळखायला बघतो, मराठी ऑडिओ दिला तर तो त्यात इंग्रजी शोधत बसतो. म्हणून दुसरा, नुसते ध्वनी ऐकणारा रेकग्नायझर निवडायचा:

```
rhubarb -r phonetic -o vakya.tsv vakya.wav
```

फाइलमध्ये सेकंद आणि अक्षर येतं. A म्हणजे आपलं बंद, B दात, C अर्धं, D मोठं, E गोल, F चंबू, G दात-ओठ, H जीभ आणि X आराम. सेकंदाला 24 ने गुणलं की फ्रेम मिळते. आउटपुट कच्चा ड्राफ्ट म्हणून घ्या आणि तीन गोष्टी हाताने तपासा: प्रत्येक प-ब-म ला A आलाय का, शेवटच्या अं वर चुकून A आलाय का, आणि ळ ला H लागलाय का. ऑडिओच्या मागे म्युझिक असेल तर आधी आवाजाचा वेगळा ट्रॅक मागून घ्या, मिक्स केलेल्या फाइलवर रिझल्ट वाईट येतो.

चुकलंय कुठे ते कसं कळेल

आवाज बंद करून वाक्य बघा. तुम्हाला डायलॉग पाठ झालेला असतो म्हणून दुसऱ्या कोणालातरी दाखवा आणि विचारा ओठ कुठे कुठे मिटले. आमच्या वाक्यात उत्तर तीन यायला पाहिजे. चार-पाच आलं तर कुठलातरी अनुस्वार बंद झालाय, नाहीतर आराम चुकून शब्दांच्या मध्ये घुसलाय. दोन आलं तर एखादा म फक्त एक फ्रेमचा राहिलाय.

सिंक सुरुवातीला छान आणि शेवटी शेवटी बिघडत जात असेल तर तोंडांना दोष देऊ नका, फ्रेम रेट बघा. प्रोजेक्ट 24 चा आणि एडिटमध्ये तुमच्या इमेज 25 ने वाचल्या गेल्या तर एका मिनिटाच्या 1440 फ्रेम्स 57.6 सेकंदात संपतात, म्हणजे शेवटाला तोंड आवाजाच्या जवळजवळ अडीच सेकंद पुढे. चार सेकंदांच्या टेस्टमध्ये हा फरक चार फ्रेम्सचा असतो आणि आपण म्हणतो चालतंय. म्हणून टेस्ट करताना सीनमधलं पहिलं वाक्य आणि सगळ्यात शेवटचं वाक्य अशी दोन्ही बघा, पहिलं बरोबर आणि शेवटचं पुढे पळतंय असं दिसलं तर एकही तोंड हलवू नका, फक्त एडिटच्या सेटिंगमध्ये 24 करा.